प्रतिसाद: प्रेशर वॉशर घेताना दाब बघावा की पाण्याचा प्रवाह?

> "एक मशीन १४० बार आणि मिनिटाला ६ लिटरचं, दुसरं १०० बार आणि १० लिटरचं. चिखल काढायला कोणतं बरं?"

चिखलासाठी मी दुसरं घेईन. फवाऱ्याचा एकूण मारा प्रवाह गुणिले दाबाचं वर्गमूळ या प्रमाणात बदलतो. पहिल्याचं उत्तर येतं साधारण ७१, दुसऱ्याचं १००. म्हणजे दाब कमी असूनही दुसऱ्याचा मारा सुमारे ४० टक्के जास्त.

दाबाचं काम मळाची पकड तोडणं. ती एकदा सुटली की दाब आणखी वाढवून फारसं काही हाती लागत नाही. पुढे सुटलेली माती वाहून न्यायला पाणीच लागतं. प्रवाह कमी असेल तर तोच गाळ फरशीवर इकडून तिकडे सरकत राहतो आणि सुकल्यावर पट्टे दिसतात. जुना रंग किंवा घट्ट बसलेलं शेवाळ मात्र वेगळं, तिथे पकडच चिवट असते, म्हणून दाब आधी बघावा.

आणखी एक, कारण इथे बरेच जण फसतात. पंप दर फेऱ्याला ठरावीकच पाणी ढकलतो, दाब तयार होतो तो नोझलच्या भोकामुळे. भोक झिजून व्यास १० टक्के वाढला तरी दाब जवळजवळ एक तृतीयांश उतरतो. पाणी पूर्वीइतकंच येतं, त्यामुळे लक्षात येत नाही आणि दोष पंपाला दिला जातो. मशीन अशक्त वाटलं तर आधी त्याच मापाचं नवं नोझल लावून बघा.