गणपती सजावट: शनिवारची खरेदी

सावंत काका (खजिनदार): शनिवारी क्रॉफर्ड मार्केट नक्की. रविवारी लोहार चाळीत बरीचशी दुकानं बंद असतात, त्यामुळे सुट्टी बघून दिवस बदलू नका. डोंबिवलीहून 9 च्या आत निघायचं.

नेहा: काका, झेंडूच्या माळा इथल्याच दुकानातून घेऊया ना? नग 60 ला आहे. तिथे गेल्या वर्षी डझन 480 ला होत्या, म्हणजे 40 ला पडल्या. पण जायचं कोणी!

जोशी वहिनी: नगावर जाऊ नकोस गं. इथली माळ 5 फुटी, तिथली 4 फुटी. फुटाला 12 आणि 10. फरक दोनच रुपयांचा.

नेहा: अरेच्चा! काल सुतळी धरून मोजलं, गेट, जिना आणि मखर मिळून 120 फूट, झोळ धरून. इथून 24 माळा, 1440. तिथून 30 माळा, 1200.

जोशी वहिनी: पण 30 कोण देणार? माल डझनावर. 3 डझन घेतलेस की 1440 च झाले 😄

सावंत काका: मग उरलेल्या 6 आधीच कोणीतरी घ्या. 40 प्रमाणे.

शेख भाभी: 4 मला. हॉलच्या दरवाज्याला.

जोशी वहिनी: 2 माझ्या, गौरींना.

सावंत काका: झालं. 240 वर्गणीत परत. आणि दुकानात "एक कितीला?" विचारू नका, किरकोळीचा भाव सांगतात. "3 डझन घ्यायच्यात, लास्ट बोला" इथूनच सुरुवात. दोन दुकानं विचारून मगच थांबायचं.

जोशी वहिनी: माळ टेपने मोजाच, शिवाय फुलंही मोजा. फुलं लांबलांब सरकवून 4 फूट भरवतात. घरी आणून जवळ केली की माळ तीन फुटांवर येते. गेल्या वर्षी मखराची एक बाजू उघडी राहिली ती यामुळेच.

रोहन: लाइटच्या माळा माझ्याकडे. पाकिटावर 40 फूट लिहिलेलं असलं तरी पिनपासून पहिल्या दिव्यापर्यंतची मोकळी वायर त्यातच धरलेली असते. प्रत्येक माळ दुकानातच लावून बघणार. तिथून बाहेर पडलो की बदलून मिळत नाही.

सावंत काका: पक्कं बिल सोसायटीच्या नावाने. भाव ठरवतानाच विचार, जीएसटी धरून की वेगळा. मागच्या वेळी सगळी घासाघीस तिथेच वाया गेली होती.

नेहा: मखराला थर्माकोल?

सावंत काका: 2018 पासून बंदी आहे. पुठ्ठा आणि कापड. कापड मंगलदास मार्केटमधून, मखराची मापं लिहून आण.

रोहन: परतताना 4 च्या आत सीएसएमटी गाठू. नंतर पिशव्या घेऊन गाडीत शिरणं अवघड.

शेख भाभी: माझ्या 160 आत्ता पाठवू की माळ बघून?

सावंत काका: आत्ता पाठवा भाभी. झोळ कमी पडला तर तुमच्याच 4 वर डोळा जाईल सगळ्यांचा.