मणक्याच्या टीबीमुळे दोन वर्षांहून जास्त गॅप, पुन्हा प्रवेशाच्या अर्जाला कोणती कागदपत्रं जोडू?

रसायन_अर्धवट

नमस्कार. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, एका संलग्न महाविद्यालयात. कॉलेज आणि विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. 2022-23 ला एफ.वाय. पास, एस.वाय.चं सेमिस्टर 3 दिलं, त्यात एक विषय राहिला. जानेवारी 2024 पासून पाठ धरली ती धरलीच. फेब्रुवारीत एमआरआय झाला तेव्हा मणक्याचा टीबी निघाला, मार्चमध्ये ऑपरेशन झालं. पुढे 18 महिने गोळ्या, त्या सप्टेंबर 2025 ला संपल्या. मग फिजिओथेरपी. आता बसता-उठता येतं, बसने एकटी जाते.

ऑफिसात गेले तर क्लार्क म्हणाले, "अर्ज आणि मेडिकल आण, बघू." माझ्याकडे फायलींचं बाड आहे. एमआरआयच्या फिल्म, रक्ताचे रिपोर्ट, बिलं, सगळंच. सगळं जोडायचं का? आणि सेमिस्टर 4 पासून बसता येईल ना? त्या सेमिस्टरला मी जेमतेम आठवडाभर गेले होते.

सांगलीकर_७७

सोपं आहे. शंभरच्या स्टॅम्पवर गॅप अ‍ॅफिडेव्हिट करा, नोटरी करा, सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट. माझ्या पुतण्याचं एका दिवसात झालं.

जुना_अधीक्षक

सांगलीकर, तुमच्या पुतण्याने बहुधा नवीन प्रवेश घेतला असेल. तिथे गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. इथे मुलगी त्याच कॉलेजची आहे, तिला खंडानंतर पुनर्प्रवेश हवाय. आणि मुद्रांक शुल्क ऑक्टोबर 2024 पासून किमान पाचशे झालंय. त्यामुळे कॉलेजने लेखी मागितल्याशिवाय स्टॅम्पवर खर्च करू नकोस, बऱ्याच ठिकाणी साध्या कागदावरचं हमीपत्र चालतं.

आता मुद्द्याचं. मी कॉलेजच्या ऑफिसात बरीच वर्षं काढली आहेत. आधी मला सांग, मधल्या काळात टीसी काढलीस का? काढली नसेल तर तुझा पीआरएन तोच राहतो आणि पुनर्प्रवेशाचाच अर्ज होतो. काढली असेल तर प्रकरण वेगळं. दुसरं, सेमिस्टर 4 ची टर्म ग्रँट झाली नसणार, आठवडाभराच्या हजेरीवर होत नाही. टर्म ग्रँट होऊन फक्त परीक्षा बुडाली असती तर पुनर्प्रवेशाची गरजच नव्हती, नुसता परीक्षा फॉर्म भरून बसली असतीस. तुला टर्म परत भरावी लागेल.

बाड जोडू नकोस. ऑफिसवाले रोगाचा अभ्यास करत नाहीत, तारखा बघतात. एका पानावर तारीखवार तक्ता कर: कधीपासून कधीपर्यंत काय चाललं होतं आणि त्याचा पुरावा कोणता. आजार खरा असूनही अर्ज अडकतो तो दोन कागदांमध्ये महिने रिकामे राहतात म्हणून. तुझ्या बाबतीत अशा दोन जागा दिसतात. जानेवारी ते मार्च 2024, म्हणजे ऑपरेशनआधीचे दिवस, तिथे गावातल्या डॉक्टरांची चिठ्ठी लाव. आणि सप्टेंबर 2025 ते आज. प्राचार्य पहिला प्रश्न हाच विचारतील, की गोळ्या संपल्या तर लगेच का आली नाहीस?

रसायन_अर्धवट

टीसी काढलेली नाही, काका. फिजिओथेरपीची कार्डं आहेत, पण त्यावर शिक्का नाही. फेब्रुवारी 2026 च्या फॉलोअपचा कागद आहे.

जुना_अधीक्षक

मग फॉलोअप करणाऱ्या डॉक्टरांकडूनच लेटरहेडवर लिहून घे, नोंदणी क्रमांकासह: "सप्टेंबर 2025 ते अमुक महिना फिजिओथेरपी व विश्रांतीचा सल्ला दिला होता." बिनशिक्क्याची कार्डं त्याच्यामागे लावली तरी चालतात.

आरोग्यसेविका_नाशिक

मी टीबी युनिटला आहे. सरकारी गोळ्या घेतल्या असतील तर तुमचा निक्षय आयडी असेल. उपचार पूर्ण झाल्याचा दाखला युनिटमधून मिळतो, त्यावर सुरुवात आणि शेवट अशा दोन्ही तारखा असतात. अठरा महिन्यांचा मधला काळ त्या एका कागदाने भरतो. एक गंमत सांगते: मणक्याच्या टीबीत बहुतेकदा शेरा "उपचार पूर्ण" असा येतो, "बरा झाला" असा नाही, कारण तिथून शेवटी नमुना घेऊन तपासत नाहीत. एका मुलाला ऑफिसने यावरूनच परत पाठवलं होतं.

म्हणून फिटनेस वेगळं घ्या, आणि "फिट" एवढंच नको. "नियमित तासिका व प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिकांना उपस्थित राहण्यास योग्य. आजार फुप्फुसाचा नव्हता, संसर्गाचा धोका नाही." ही दोन वाक्यं असतील तर टीबी शब्द वाचून होणारी कुजबुज थांबते. उभं राहणं अजून कठीण जात असेल तर प्रॅक्टिकलला स्टूल मिळावं, हेही त्यातच लिहून घ्या.

पिंट्या_इंजि

माझ्या भावाला डेंग्यू झाला होता ऐन परीक्षेत, त्याला कॉलेजने पुन्हा पेपर दिला नाही. डिस्चार्ज कार्ड दिलं तरी! मेडिकलवर काही होत नाही हो.

जुना_अधीक्षक

पिंट्या, तो परीक्षेचा विषय. विद्यापीठाचा पेपर बुडाला तर पुढच्या सत्रात द्यायचा, मेडिकलवर वेगळा पेपर काढत नाहीत. हिला प्रवेश हवाय.

पोरी, खरी अडचण वेगळीच आहे. संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून एफ.वाय.ला नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला. तो 2025-26 ला एस.वाय.ला पोचला, यंदा टी.वाय.ला. तुझा जुना पॅटर्न वर्गात शिकवायला आता कुठेच उरलेला नाही. त्यामुळे सेमिस्टर 4 ला नव्या पॅटर्नमध्ये बसवायचं, की सेमिस्टर 3 पासून, हे समकक्षतेवर ठरतं, आणि ते कॉलेज नाही, विद्यापीठ ठरवतं. राहिलेला विषय जुन्या पॅटर्नचा आहे. त्याची परीक्षा अजून किती वेळा होणार, हे परीक्षा विभागात आजच विचार.

आणि मुदत. यूजीसीची जुनी मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात, तीन वर्षांची पदवी अधिक दोन वर्षं, आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी एक. तू 2022-23 ची. पाच वर्षं 2026-27 ला संपतात. तुझं सेमिस्टर 4 येत्या डिसेंबर-जानेवारीत, टी.वाय. 2027-28 ला. म्हणजे तुला ते सहावं, अपवादाचं वर्ष लागणारच. अर्जात फक्त "प्रवेश मिळावा" लिहिलंस तर दोन वर्षांनी पुन्हा दारात उभी राहशील. दोन्ही मागण्या आत्ताच घाल:

"मार्च 2024 मधील शस्त्रक्रिया व त्यानंतरच्या उपचारांमुळे मी सेमिस्टर 4 पूर्ण करू शकले नाही. कृपया 2026-27 मध्ये मला पुनर्प्रवेश द्यावा, तसेच पदवी पूर्ण करण्यासाठी वैद्यकीय कारणास्तव एक वर्षाची वाढीव मुदत मिळण्याकरिता माझे प्रकरण विद्यापीठाकडे शिफारशीसह पाठवावे."

मृण्मयी_डी

पण 2022 च्या यूजीसी आराखड्यात पदवीला सात वर्षं आहेत ना? मग मुदतवाढ मागायची कशाला?

जुना_अधीक्षक

आहेत. पण ते त्या आराखड्यात प्रवेश घेतलेल्यांसाठी. ही जुन्या पॅटर्नमधून नव्यात येतेय, तिला कुठला नियम लागतो यावर माझं आणि एका मित्राचं अजून एकमत नाही. मागून ठेवायला काय जातं?

सांगलीकर_७७

ओरिजिनल डिस्चार्ज समरी लगेच देऊन टाका, विश्वास बसतो.

आरोग्यसेविका_नाशिक

अजिबात नको! दाखवायला मूळ, द्यायला साक्षांकित झेरॉक्स. आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

रसायन_अर्धवट

सगळ्यांचे आभार. तक्ता करायला घेतलाय: डिस्चार्ज समरी, युनिटचा दाखला, फॉलोअपचं पत्र, फिटनेस, चारच कागद. जानेवारी 2024 ची चिठ्ठी शोधतेय, आईने बहुतेक रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे.

एक राहिलं. वडिलांनी राजर्षी शाहू शुल्क योजनेचा फॉर्म भरायला सांगितलाय. त्याच्या अटींत दोन किंवा जास्त वर्षांचा खंड नसावा असं आहे. वैद्यकीय कारणाने कुणाला यातून सूट मिळाली आहे का?