मदत हवी आहे: लंबकाच्या ग्राफचा स्लोप मिळाला, पण त्याचा ± कुठून आणू?

लंबकवाली_इंदूर
नमस्कार मंडळी. इंदूरला बी.एससी.च्या पहिल्या वर्षाला आहे. साध्या लंबकाचं प्रॅक्टिकल केलं, T² आणि L चा ग्राफ एक्सेलमध्ये काढला. रीडिंग ही अशी:

```
L (m)   20T (s)
0.40    25.9
0.50    28.7
0.60    31.4
0.70    34.0
0.80    36.2
0.90    38.3
```

L म्हणजे आकड्यापासून गोळ्यापर्यंतचा दोरा. मॅडम म्हणाल्या होत्या की L शून्य तर T शून्य, म्हणजे रेषा ओरिजिनमधूनच जाणार. म्हणून ट्रेंडलाइनच्या खिडकीत Set Intercept ला 0 दिलं. चार्टवर y = 4.1047x आलं. g = 4π²/स्लोप, म्हणजे ९.६२. फाइल परत आली, वर लाल पेनानं "± कुठे?" असं लिहून. ट्रेंडलाइन तर ± दाखवतच नाही! सोमवारी व्हायवा आहे.

जिलबी_पोहे
अगं सोपं आहे. R² दाखवायची खूण केलीस ना? तो ०.९९९ असेल तर उरलेला ०.००१ म्हणजे ०.१ टक्का एरर. मी तर असंच लिहून पास झालो.

मोबाइलवर_शीट
ट्रेंडलाइनचा पर्याय फोनवरच्या अ‍ॅपमध्ये सापडत नाही, मलाही हाच त्रास झाला. लॅपटॉपवर चार्टच्या ठिपक्यावर राइट क्लिक कर, मिळेल.

लंबकवाली_इंदूर
दादा, ट्रेंडलाइन मिळाली आहे हो. ± मिळत नाहीये.

ग्वाल्हेरचा_लॅबवाला
R² मधून स्लोपची एरर अशी वजाबाकी करून निघत नाही. सगळे ठिपके किती वरखाली पसरलेत, त्यातला केवढा भाग रेषेनं समजावला, एवढंच R² सांगतो. तुझ्यासारखी L दुप्पटीहून जास्त वाढवली की तो ०.९९९ च्या आसपास येतोच, फार कौतुक करू नकोस.

± साठी चार्ट सोड. C कॉलममध्ये T² काढ आणि रिकाम्या जागी हे टाक:

```
=(B2/20)^2
=LINEST(C2:C7,A2:A7,TRUE,TRUE)
```

आधी T², मग L. उलटं टाकलंस तर स्लोप ०.२५ च्या आसपास येईल, त्यावरून लगेच कळेल. जुन्या एक्सेलमध्ये आधी पाच ओळी आणि दोन कॉलम निवडून फॉर्म्युला लिही, मग Ctrl+Shift+Enter. नव्यात आणि गूगल शीट्समध्ये उत्तर आपोआप पसरतं. पहिल्या ओळीत स्लोप आणि इंटरसेप्ट, दुसऱ्या ओळीत बरोबर त्यांच्याच खाली त्यांच्या एरर. तिसऱ्या ओळीत डावीकडे R², उजवीकडे ठिपके रेषेपासून साधारण किती हललेत तो आकडा.

एक विनंती. पहिल्या TRUE च्या जागी FALSE घालूनही एकदा चालव. FALSE म्हणजे तुझं Set Intercept 0. दोन्ही उत्तरं इथे टाक, मग बोलू.

बडोद्याचे_आजोबा
आमच्या वेळी ग्राफपेपर आणि पारदर्शक पट्टी. ठिपक्यांमधून बसेल ती सगळ्यात उभी रेषा आणि सगळ्यात आडवी रेषा काढायची, दोन स्लोपमधल्या फरकाचा अर्धा म्हणजे एरर. एकदा पेन्सिल बोथट होती म्हणून माझी एरर दुप्पट आली होती, खरंच सांगतो. बाळ, एवढ्या सहा ठिपक्यांना संगणक कशाला?

लंबकवाली_इंदूर
आजोबा, करून बघेन तसंही. दादा, ही दोन्ही उत्तरं. आधी TRUE:

```
4.0076   0.0674
0.0291   0.0195
0.9998   0.0122
```

आणि FALSE ला स्लोप ४.१०४७, एरर ०.०१३२, R² ०.९९९९५. इंटरसेप्टच्या एररच्या जागी #N/A.

म्हणजे FALSE च चांगलं ना? एरर निम्म्याहून कमी, R² पण जास्त.

जिलबी_पोहे
हेच तर म्हणत होतो, R² बघ.

ग्वाल्हेरचा_लॅबवाला
इथेच फसायला होतं, म्हणून तर दोन्ही चालवायला लावलं. आधी g काढू. 4π² ची काही एरर नाही, त्यामुळे g ची टक्केवारीतली एरर स्लोपएवढीच. FALSE नं ९.६२ ± ०.०३. TRUE नं ९.८५ ± ०.०७. इंदूरला g साधारण ९.७९ आहे. पहिलं उत्तर आपल्या एररच्या पाचपट दूर, दुसरं एका एररच्या आत. म्हणजे जास्त R² आणि लहान ± घेऊन आलेलं उत्तर चुकलंय.

R² वाढला त्याचं कारण ऐक. इंटरसेप्ट शून्याला बांधला की LINEST पसारा T² च्या सरासरीपासून मोजत नाही, शून्यापासून मोजतो. भागणारा आकडाच फुगतो. हे दोन R² एकमेकांशेजारी ठेवून बघायचेच नसतात.

आता ०.०६७४ कडे बघ. त्याची एरर ०.०१९५, म्हणजे तो शून्यापासून तीन एररहून जास्त लांब आहे. रेषा स्वतःच सांगतेय की ती ओरिजिनमधून जात नाही. ०.०६७४ ला ४.००७६ नं भाग, ०.०१७ मीटर येतात. प्रत्येक L सुमारे १.७ सेंटिमीटरनं कमी धरली गेली आहे, आणि या आकड्यातही अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे. तू स्वतःच लिहिलंस, गोळ्यापर्यंतचा दोरा. गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायचं होतं.

गंमत म्हणजे सगळ्या लांब्या सारख्याच चुकल्या, त्यामुळे रेषा नुसती सरकली, स्लोप वाचला. शून्याला बांधल्यावर मात्र ती चूक स्लोपमध्ये घुसली. मॅडमचं म्हणणं खरं आहे, पण L बरोबर मोजली तरच.

लंबकवाली_इंदूर
अगं बाई! गोळा अडीच सेंटिमीटरचा आहे. म्हणजे त्रिज्या १.२५.

ग्वाल्हेरचा_लॅबवाला
मग सगळ्या L मध्ये ०.०१२५ मिळव. स्लोप आणि त्याची एरर तीच राहील, इंटरसेप्ट ०.०१७ ± ०.०२० होईल, म्हणजे शून्याशी जुळेल. तरीही TRUE च ठेव. फाइलमध्ये लिही: स्लोप ४.०१ ± ०.०३ s²/m, g ९.८५ ± ०.०७ m/s². ± चा एकच आकडा, आणि स्लोप तेवढ्याच दशांशापर्यंत.

एक खात्री अजून करता येते. ०.०१२२ हे ठिपक्यांचं हलणं T² मधलं आहे. मधल्या रीडिंगला, T १.६ च्या आसपास, ते वीस झोक्यांच्या वेळेत सुमारे ०.०८ सेकंद भरतं. हातानं स्टॉपवॉच दाबताना एवढं होणारच. अर्धा सेकंद निघाला असता तर झोके मोजायला चुकलीस का, हे विचारलं असतं.

जिलबी_पोहे
पण सहा ठिपक्यांवर ही एरर भरवशाची कशी? मला ९५ टक्क्यांवाली लिहायला सांगितली होती.

ग्वाल्हेरचा_लॅबवाला
हा प्रश्न मात्र बरोबर. सहा ठिपके, दोन आकडे रेषेनं खाल्ले, उरले चार. ९५ टक्क्यांसाठी २.७८ नं गुणावं लागतं, स्लोपची ± ०.०८ होते, g ची ०.२०. LINEST देतो ती साधी स्टँडर्ड एरर. मी तीच लिहितो आणि शेजारी "स्टँडर्ड एरर" असं नाव देतो. काही कॉलेजांत दुसरी मागतात.

बडोद्याचे_आजोबा
तुमच्या आकड्यांवर पट्टी लावून बघितली. ४.१ आणि ३.९. म्हणजे ± ०.१. ९५ वाल्याच्या जवळ आलो की नाही?

ग्वाल्हेरचा_लॅबवाला
आलात आजोबा. पण टोकाच्या रेषा किती टोकाच्या घ्यायच्या ते हातावर असतं, म्हणून जुळण्यावर पैज नाही लावणार.

लंबकवाली_इंदूर
मॅडमना मेसेज केला. त्या म्हणतात, जुन्या लांब्या खोडू नकोस, शेजारी नवा कॉलम कर आणि सोमवारी गोळा व्हर्नियरनं माझ्यासमोर मोज. अडीच सेंटिमीटर मी पट्टीनं बघितलं होतं.