अनुभव धागा: एकनाथांचं 'अर्जदस्त' आणि न बदलता येणारे शब्द

पंचवटीकर: काल गंगेवर भजनात नाथांचं 'अर्जदस्त' ऐकलं आणि आजोबा आठवले. ते हे भारूड कचेरीतला कागद वाचावा तसं म्हणायचे. परगणे शरीराबाद, किल्ले कायापुरी, जीवाजी शेकदार, बुधाजी कारकून, मनाजी देशमुख. काल मात्र पोरांना कळावं म्हणून अर्जदस्तचं 'विनंतीपत्र' केलं होतं आणि शरीराबादचं 'देहनगर'. ऐकवेना हो. विनंती कुणीही कुणाला करतं. अर्ज खालून वर जातो, वरचा त्यावर निकाल देतो. भक्त नेमका तिथे उभा आहे. तुमच्या घरी असे कुठले शब्द जपलेत?

रानजाई: आमची आजी! 'हुजूर' आलं की हात जोडायची. म्हातारपण हुजुरातून येतं ना त्यात. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

सातबारा_नांदूर: अर्जावरून आठवलं, उताऱ्यावरचं नाव दुरुस्त करायचा माझा अर्ज पडून आहे. काय करावं?

रानजाई: पोच घेतलीत का दादा? नसेल तर आधी ती घ्या.

गोदाकाठ: पण शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून फारसी शब्द काढले होते ना? मग नाथांनी का वापरले?

जुनी_मोडी: नाथ १५९९ साली गेले, कोश त्यानंतर पाऊणशे वर्षांनी. आणि तो राज्यकारभाराच्या शब्दांचा. लोकांच्या तोंडचे अर्ज, वसूल, जासूद तसेच राहिले. जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, त्यामुळे हा कागद नाथांच्या रोजच्या बघण्यातला. एका पैच्या चुकीसाठी रात्र जागवल्याची कथा त्याच दफ्तरातली.
पंचवटीकर, 'देहनगर' का कमी पडतं सांगतो. आबाद म्हणजे नुसतं गाव नाही, माणसं नांदतात, पीक उभं आहे, सारा येतो असं गाव. आपल्या नाशिकचं मोगली नाव गुलशनाबाद, तेही तसंच. भारुडात पुढे डोळे, कान, दात कामातून जातात आणि परगणा उठतो. आबाद ऐकलं असेल तरच ती ओसाडी लागते. नगर रिकामं झालं तरी नगरच.

पंचवटीकर: वा! आजोबा दातांपाशी थांबून स्वतःच्या कवळीला हात लावायचे. ते का, हे आता कळलं.

चहावाला_भाचा: शेवटी यमाजीपंतांची 'तलब' येते म्हणे. तलब म्हणजे चहाची ना?

जुनी_मोडी: तलब म्हणजे मागणी, हजर हो अशी. बोलावणं टाळता येतं, तलब नाही.

रानजाई: चहाची तलफ असते आमच्याकडे, फ ने. तलबचीच झाली असेल का?

जुनी_मोडी: मला तसंच वाटतं, पण आमचे एक मास्तर ठाम नाही म्हणायचे.

गोदाकाठ: मला अजूनही वाटतं, पोरांना आधी सोपं सांगावं, मग मूळ.

पंचवटीकर: सोपं सांगा की, पण भारूड झाल्यावर. म्हणताना शब्द नाथांचेच हवेत. येत्या एकादशीला मी म्हणणार आहे, या सगळे.

सातबारा_नांदूर: येतो. पोच सापडली, तारीख पुसट आहे, चालेल का?