मदत हवी आहे: एट्रियमच्या स्मोक एक्झॉस्टला खालून हवा द्यायला जागा पुरत नाही

पुणेरी_डक्ट:
एका ऑफिस इमारतीच्या एट्रियमचं स्मोक एक्झॉस्ट माझ्याकडे आलंय. जागा ३० बाय २० मीटर, उंची २४. सगळ्यात वरचा उघडा पॅसेज १३ मीटरवर आहे. तिथे उभ्या माणसाच्या डोक्यावर धूर राहावा म्हणून धुराच्या थराची खालची कड १५ मीटरवर धरली. आग तळमजल्यावर, २५०० किलोवॅटची, त्यातले १७५० किलोवॅट धुराबरोबर वर जाणारे. एनएफपीए ९२ या अमेरिकन मानकाचं सूत्र लावलं, m म्हणजे सेकंदाला किती किलो धूर, Qc म्हणजे ते १७५० किलोवॅट, z म्हणजे ते १५ मीटर:

```
m = 0.071 Qc^(1/3) z^(5/3) + 0.0018 Qc
```

सेकंदाला ८१ किलो धूर आला. बाहेर ३० अंश धरले तर धूर साधारण ५२ अंशांवर, म्हणजे पंख्यांना सेकंदाला ७५ घनमीटर. छतावर पंखे बसतात. अडचण खाली आहे. मेक-अप एअर, म्हणजे बाहेर गेलेल्या धुराच्या जागी खालून येणारी हवा, वजनाने ९० टक्के धरली तरी सेकंदाला ६३ घनमीटर हवा आत यायला हवी आणि वेग सेकंदाला १.०२ मीटरच्या आत ठेवायचा, म्हणजे जवळपास ६२ चौरस मीटर उघडी जागा. माझ्याकडे सरकती दारं मिळून १५ आणि बाजूच्या भिंतीत लूव्हर १२. वेग २.३ येतो. आर्किटेक्ट दर्शनी काचेला हात लावू देत नाहीत. २.३ चालवून घेता येईल का?

एनओसी_वाला:
७५ फारच झालं हो. तुमचा खंड १४,४०० घनमीटर. तासाला सहा हवाबदल धरा, २४ घनमीटरमध्ये काम होतं. आम्ही नेहमी असंच देतो. आणि ते १२ समोरून मोजलेत का? लूव्हरच्या पात्या वजा केल्या की निम्मंच उरतं.

पुणेरी_डक्ट:
समोरूनच मोजलेत. म्हणजे एकूण २१, आणि वेग ३ च्या घरात. अजूनच वाईट.

गरमहवा:
लूव्हरचं एनओसी_वाला बरोबर सांगतायत, हवाबदलाचं नाही. तो नियम जुन्या अमेरिकन कोडांमध्ये होता. प्लूमला, म्हणजे आगीवरून उठणाऱ्या धुराच्या लोटाला, खोलीचा खंड कळत नाही. तो वर चढताना बाजूची हवा ओढत जातो, आणि किती ओढतो हे उंची नि उष्णतेवर ठरतं. हीच आग आणि २४ घनमीटरचा पंखा घेऊन गणित उलटं करा: थर साडेसहा मीटरच्या आसपास येऊन थांबतो. तुमचा १३ मीटरवरचा पॅसेज पूर्ण धुरात.

आता वेगाचं. १.०२ ची मर्यादा आहे ती जिथे हवेचा झोत प्लूमला लागतो तिथली. झोत लागला की ज्वाळा आडवी होते, प्लूम कलतो आणि सूत्रापेक्षा जास्त हवा ओढतो. ८१ चे ८१ राहत नाहीत, पंखे मात्र तेवढेच, म्हणून थर खाली उतरतो. ३ मीटरचा झोत दारातून सरळ लॉबीच्या मध्यावर येत असेल, आणि तिथेच सोफे नि दिवाळीची सजावट असेल, तर मी सही करणार नाही.

दार वाढत नसेल तर उंची कमी करा. वरचा पॅसेज धूर न शिरेल अशा काचेने बंद करून घ्या, मग १५ ऐवजी १० मीटर धरता येतील.

पुणेरी_डक्ट:
करून पाहिलं. ४३ किलो, पंख्यांना ४२ घनमीटर, खालून ३३. उघडी जागा ३२-३३ चौरस मीटर लागते. एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

गरमहवा:
उंचीचा घात पाच तृतीयांश आहे, उष्णतेचा एक तृतीयांश. तुमच्या १५ मीटरवर आग दुप्पट केली असती तरी ८१ चे १०५ च झाले असते. धूर आता ७० अंशांच्या वर जाईल, पंख्याचं रेटिंग तपासा.

नाशिक_साइट:
आमच्या बेसमेंट पार्किंगला जेट फॅन लावलेत, तिथे हा वेगाचा प्रश्नच आला नाही. तुम्हीही तेच लावा की.

गरमहवा:
दादा, तिथे धूर आडवा ढकलायचा असतो. इथे तो वर थरात शांत राहायला हवा. जेट फॅन तो थर घुसळून टाकेल.

शिफ्ट_इंजिनिअर:
मी डिझाइनवाला नाही, मॉल चालवतो. आमच्या चाचणीत पंखे सुरू झाले, पण सरकतं दार फायर अलार्मवर उघडलं नाही. नंतर जिन्याचं दार एका माणसाने ढकलून उघडेना. तुमची दारं वीज गेल्यावर उघडी राहतात की बंद?

गरमहवा:
याचंही गणित करा. दार जिन्याकडे उघडत असेल तर एट्रियममधला कमी दाब ते मागे ओढतो. एक मीटर रुंद दाराला दर ५० पास्कलला साधारण ५६ न्यूटन, त्यात क्लोजरचा जोर वेगळा, आणि एकूण मर्यादा १३३ न्यूटन. सरकती दारं बंद राहिली आणि फक्त सहा चौरस मीटर लूव्हरमधून ३३ घनमीटर ओढायला बघाल तर ५० च्या पुढेच जाल. सरकती दारं आधी उघडू देत, मग पंखे.

पुणेरी_डक्ट:
दारं वीज गेल्यावर बंदच राहतात, आजच कळलं. वरच्या काचेला आर्किटेक्ट तयार आहेत, पण अजून ११-१२ चौरस मीटर कमी पडतात. मागच्या सर्व्हिस पॅसेजचं दार आगीपासून लांब आहे, तिथून दीड-दोन मीटर वेगाने हवा घेतली तर?

गरमहवा:
लांब म्हणजे किती? प्लूमपर्यंत पोचेपर्यंत झोत १.०२ च्या खाली येतो हे मॉडेलमध्ये दाखवावं लागेल, आणि आग त्या दाराजवळ लागली तर काय हेही.

एनओसी_वाला:
मॉडेल कोण बघतंय एनओसीला. माझं मत तेच आहे.