घरी मराठी बंद करा म्हणतात बाई. ऐकावं का?

सुदामानगरची_मावशी: भाचा सहा वर्षांचा, पहिलीत. घरी अखंड बडबड, शाळेत तीन महिने गप्प. बाई म्हणतात, घरी मराठी सोडा, हिंदीच बोला. मूल परिसरातून कसं घडतं, हे वर्तुळांत मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ब्रॉन्फेनब्रेनरच्या आकृतीत घर सर्वांत आत, म्हणजे दोष आमचाच ना?

रामबागकाका: तुमचाच. शाळा पाच तास, उरलेला दिवस घराचा. इंदुरात राहून पोराला हिंदी येऊ नये?

अंगण: काका, सर्वांत आत घर नाही, मूल आहे. घर, वर्ग आणि गल्लीतले सवंगडी एकाच थरात आहेत. 1979 च्या पुस्तकात ब्रॉन्फेनब्रेनर यांनी या ठिकाणांमधल्या दुव्यांनाही महत्त्व दिलं. इथे दुवा एकच: फाटकात आईला ऐकवलेली तक्रार. त्यावर मुलाची घरची भाषाच काढून घेतली, तर बोलण्याची एकमेव जागाही जाते.

पिंपळपार: परिसर म्हणजे झाडं-पाणी ना? मुलांना बागेत न्या, बोलतील.

अंगण: इथे परिसर म्हणजे माणसं आणि जागा. पण बागेत तो कोणाशी काय बोलतो, ते जरूर टिपा. दोन आठवडे वही ठेवा: कुठे, कोणाबरोबर, काय करताना, कोणत्या भाषेत बोलला. बाईंनी फक्त मधली सुट्टी आणि गटकाम पाहावं.

गल्लीत हिंदीत भांडत असेल, तर अडचण भाषेची नाही, वर्गाची. मग गल्लीतलाच मित्र शेजारी बसवा; नव्या जागी ओळखीचं माणूस सोबत असावं, हेही त्याच पुस्तकात आहे. हिंदी समजते पण कुठेच बोलत नाही, तर भाषा अजून मुरतेय. बळजबरीने उत्तर काढू नका, आधी मान हलवून, बोट दाखवून चालू द्या. वर्गातल्या मराठी मुलाशीही मराठीत गप्प असेल, तर मात्र बालमानसतज्ज्ञांना दाखवा. शाळेचा पहिला महिना अशा गप्पपणात धरत नाहीत, पण इथे तीन झालेत.

पाटी_पेन्सिल: वर्गात पंचेचाळीस मुलं असताना कोणती बाई वही भरणार? शिक्षणहक्क कायद्यात प्राथमिकला एका शिक्षकामागे तीस आहेत, ते कागदावर. दुवे जोडा म्हणणं सोपं.

अंगण: मान्य, म्हणून दोनच वेळा म्हटलं. आणि वडील पीथमपूरला रात्रपाळीत असतील तर सकाळची पालकसभा त्यांच्या झोपेत जाते. मुलाने कारखाना पाहिलेला नसतो, पाळीचा फटका मात्र त्याला बसतो.

रामबागकाका: म्हणजे शेवटी घरचंच कारण निघालं की!

पाटी_पेन्सिल: घरचं नव्हे काका, कारखान्याचं. सभा संध्याकाळी ठेवली तर आम्ही घरी कधी जायचं, तेही सांगा.

सुदामानगरची_मावशी: वडील पाळीतच आहेत. गल्लीत मात्र हिंदीत शिव्यासुद्धा देतो.