मदत हवी आहे: क्वालिटी मॅन्युअलमध्ये बाहेरच्या हार्डनिंगचं काय लिहायचं?

कुपवाड_टर्निंग: कुपवाड एमआयडीसीत १४ माणसांचं सीएनसी युनिट आहे. पंपाच्या पिना करतो, मटेरियल ईएन ८. इंडक्शन हार्डनिंग जॉबवर्कला जातं, ग्राइंडिंग आमच्याकडे. ग्राहकानं आयएसओ ९००१:२०१५ प्रमाणे मॅन्युअल मागितलंय. तयार नमुन्यात डिझाइनचं आख्खं प्रकरण आहे आणि हार्डनिंगसाठी एकच ओळ: 'जबाबदारी पुरवठादाराची.' चालेल का?

मिरज_वर्कशॉप: २०१५ पासून मॅन्युअल सक्तीचं नाही. ग्राहकाला तसं कळवा आणि डिझाइनचं प्रकरण काढून टाका.

गेज_आणि_ग्राइंडिंग: सक्तीचं नाही हे खरं, पण ग्राहकानं मागितलंय म्हणजे द्यावं लागेलच. डिझाइन नुसतं काढू नका. 'ड्रॉइंग ग्राहकाचं, त्यात आम्ही बदल करत नाही, म्हणून ८.३ लागू नाही' हे कारण स्कोपमध्ये लिहा.

ती एक ओळ मात्र आधी खोडा. काम बाहेर गेलं तरी पिनेची जबाबदारी तुमचीच राहते, ८.४ चा रोख तोच आहे. ड्रॉइंगमध्ये हार्डनिंगची खोली किती मागितलीय?

कुपवाड_टर्निंग: फिनिश व्यास २५ मिमी, खोली किमान २ मिमी, हार्डनेस ५० ते ५५ एचआरसी. टर्निंग २५.४ ला सोडतो. जॉबवर्कच्या चलनावर '२ मिमी' लिहितो.

गेज_आणि_ग्राइंडिंग: चूक तिथेच आहे. ग्राइंडिंगमध्ये एका बाजूला ०.२ जातं. जॉबवर्कवाल्यानं नेमकी २ दिली तर तुमच्याकडे १.८ उरते. वरून हार्डनेस बरोबरच दिसतो, त्यामुळे पीस कापल्याशिवाय हे कळत नाही. चलनावर 'ग्राइंडिंगपूर्वी किमान २.२' हवं.

मॅन्युअलमध्ये कामाच्या ओघानंच लिहा. चलनावर लॉट नंबर, खोली आणि हार्डनेस कोण भरतो. माल परत आल्यावर ग्राइंडिंगआधी रॉकवेलवर कोण तपासतो, किती पीस. नापास लॉट लाल ट्रेमध्ये कोण ठेवतो आणि सोडायचा अधिकार कुणाला. व्यक्तीचं नाव नको, हुद्दा लिहा. एकाच माणसाकडे दोन हुद्दे असले तरी हरकत नाही, फक्त अंतर्गत ऑडिटमध्ये त्यानं स्वतःचं काम तपासू नये.

सातारा_एमआयडीसी: आमच्या ऑडिटला मायक्रोमीटरच्या कॅलिब्रेशनवर बोट ठेवलं होतं. सगळी सर्टिफिकेटं मॅन्युअललाच जोडून टाका.

गेज_आणि_ग्राइंडिंग: सर्टिफिकेट दर वेळी बदलतं, मग मॅन्युअलची आवृत्तीही दर वेळी बदलावी लागेल. मॅन्युअलमध्ये कॅलिब्रेशन रजिस्टरचा नंबर द्या, पुरे. तुमच्या रॉकवेल टेस्टरचीही नोंद त्यात हवी बरं का, कुपवाडकर. लॉट पास-नापास त्याच्यावरच ठरणार.

कुपवाड_टर्निंग: चलन आजच बदलतो. पण खोलीसाठी दर लॉटला एक पिन कापायची का? ५० पिनांच्या लॉटला परवडत नाही.

मिरज_वर्कशॉप: जॉबवर्कवाल्याचा रिपोर्ट घ्या की.

गेज_आणि_ग्राइंडिंग: रिपोर्टवर तुमचा लॉट नंबर असेल तरच उपयोग. टर्निंगमध्ये रिजेक्ट झालेली पिन खूण करून त्याच लॉटबरोबर पाठवा आणि तीच कापा. मात्र हार्डनिंगच्या जागेचा व्यास चांगल्या पिनेइतकाच हवा. ग्राहकाला हे चालेल का, ते मॅन्युअलमध्ये लिहिण्याआधी त्याच्याकडून लेखी घ्या.

कुपवाड_टर्निंग: मेल टाकलाय. उत्तर आलं की इथेच लिहितो.